एसीचा कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होतो, मग तो अनस्टेबल का? थर्मोस्टॅटवरून फीडबॅक शिकवतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ऐरोलीच्या बाजूच्या एका कॉलेजात मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला कंट्रोल सिस्टिम्स शिकवते. कॉलेजचं आणि मुलांचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही. पोरं ठाणे, कळवा, घणसोली, डोंबिवली अशी सगळीकडून येतात. गणितात कच्ची नाहीत, सिस्टिम स्टेबल आहे का ते तपासायचं रूथ टेबल द्या, पाच मिनिटांत भरून देतात, पहिल्या कॉलममध्ये चिन्ह किती वेळा बदललं तेही बरोबर मोजतात. पण त्या चिन्हाचा खऱ्या वस्तूशी काय संबंध, असं विचारलं की वर्ग गप्प.

पुस्तकात फीडबॅकचं पहिलं उदाहरण बहुतेक वेळा खोलीतल्या हीटरचं असतं. आता नवी मुंबईत हीटर कोणी बघितलाय? आपल्याकडे थर्मोस्टॅट म्हटलं की एसी, फार तर गीझर नाहीतर फ्रिज. म्हणून मी एसीचं उदाहरण घेतलं, ब्लॉक डायग्राम काढला, सेट पॉइंट वजा खोलीचं तापमान म्हणजे एरर, एररवरून कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसरवरून परत तापमान. वीस मिनिटांत संपवलं आणि पुढे गेले.

अडचण नेमकी कुठे होती

त्याच तासाला घणसोलीचा एक मुलगा उठला. "मॅडम, आमच्या घरी एसी २४ वर असतो. कॉम्प्रेसर बंद होतो, परत चालू होतो, परत बंद. म्हणजे तापमान २४ ला थांबतच नाही ना कधी. मग तो अनस्टेबलच झाला की."

मी काय उत्तर दिलं, तर "तो ऑन-ऑफ कंट्रोल आहे, नॉनलिनियर, आपल्या सिलॅबसमध्ये नाही." तो बसला. मला तेव्हाच थोडं खटकलं होतं पण पोर्शन मागे होता.

पुढच्या युनिट टेस्टला मी मुद्दाम पाच मार्कांना विचारलं, खोलीचा थर्मोस्टॅट स्टेबल की अनस्टेबल, कारण द्या. निम्म्याहून जास्त पोरांनी लिहिलं अनस्टेबल, कारण ऑसिलेट होतो. बाकीच्यांनी लिहिलं स्टेबल, कारण निगेटिव्ह फीडबॅक आहे. दोन्ही कारणं चुकीची. आणि एका पेपरात तर असं होतं की निगेटिव्ह फीडबॅक आल्यामुळे सिस्टिमचा परफॉर्मन्स खराब होतो. आधी हसू आलं, मग लक्षात आलं की चूक त्याची नाही, त्याने आयुष्यात फीडबॅक हा शब्द सेमिस्टरच्या शेवटी भरायच्या फॉर्मवरच ऐकलाय, तिथे निगेटिव्ह म्हणजे वाईटच असतं.

पेपर वाटताना कळव्याची एक मुलगी जे बोलली ते तर मला बोर्डावर लिहून ठेवावंसं वाटलं. "मॅडम, खोली फर्स्ट ऑर्डर आहे असं तुम्हीच सांगितलं. फर्स्ट ऑर्डरला गेन कितीही वाढवला तरी पोल डावीकडेच सरकत जातो, म्हणजे स्टेबलच. मग हलायचं कारणच काय?"

म्हणजे दोन वेगळे प्रश्न होते आणि मी ते एकात कोंबले होते. एक, फीडबॅकचं चिन्ह म्हणजे नेमकं काय. दोन, चिन्ह बरोबर असूनही लूप का हलतो.

काय काय करता आलं असतं

सगळ्यात सोपं म्हणजे संगणकावर सिम्युलेशन. ब्लॉक जोडायचे, ग्राफ काढायचा. मी दोन वर्षं तेच केलं होतं, पोरं ग्राफचा स्क्रीनशॉट जर्नलला चिकटवतात आणि विसरतात, शिवाय सिम्युलेशनमध्ये तुम्ही घातलेलं तेवढंच बाहेर येतं. डिले घातला नाही तर खोली कधी हलणारच नाही, आणि डिले घालायचा हे तर त्यांना आधीच सांगावं लागतं, मग शोधलं काय.

दुसरा मार्ग लॅबमधलाच एसी. जुना दीड टनाचा विंडो एसी आहे, इन्व्हर्टर नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद.

तिसरा मार्ग म्हणजे स्वतःचीच एक छोटी खोली बनवायची, थर्माकोलच्या खोक्यात एक बल्ब, एक सेन्सर, एक रिले. खर्च थोडा, पण २३० व्होल्ट आणि थर्माकोल एकत्र आले की लॅब असिस्टंट काकांची परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही.

मी आधी एसी घेतला, कारण तो फुकट होता. इथे माझे दोन तास गेले.

एसीवरचा प्रयत्न आणि तो का सोडला

हवा आत ओढली जाते त्या जाळीला सेन्सर बांधला आणि दर दहा सेकंदाला नोंद घेतली. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये धड सहा-सात फेऱ्याही मिळाल्या नाहीत. त्यात कोणीतरी दार उघडं टाकून झेरॉक्सला गेलं, दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं, आणि मुख्य म्हणजे एसीतलं काहीच बदलता येत नव्हतं. बंद झाल्यावर कॉम्प्रेसरला परत सुरू व्हायला काही मिनिटं द्यावी लागतात, आतले प्रेशर समान व्हायच्या आत सुरू केला तर मोटर अडकते. म्हणजे फेऱ्या भराभर करून बघायची सोयही नाही.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. एकाने घाईत १६ लावलं, "लवकर थंड होईल म्हणून." आम्ही २४ चा आणि १६ चा ग्राफ एकावर एक ठेवला, सुरुवातीची उतरण दोन्हीकडे तीच. या एसीचा कॉम्प्रेसर दोन्ही वेळेला पूर्णच चालतोय, १६ लावल्याने तो जोरात नाही चालत, फक्त उशिरा थांबतो. घरी जाऊन आईला हे सांगणार असं तिघेचौघे म्हणाले. (इन्व्हर्टर एसीत एवढं सरळ नसतं, तिथे एररप्रमाणे स्पीड बदलतो.)

खोकं

काकांनी अटी घातल्या. वेगळा एमसीबी, बल्ब थर्माकोलपासून हातभर नाही तरी वीतभर लांब, आणि कोणीतरी सतत समोर. ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावला, तो उजेडापेक्षा उष्णताच जास्त देतो आणि आपल्याला तीच हवी होती.

इथे एक मुद्दा आडवा आला. एसी थंड करतो, बल्ब गरम करतो, मग चिन्ह उलटं नाही का? नाही. एसीला तापमान वाढलं की जोर लावायचा असतो, बल्बला कमी झालं की. दोन्हीकडे जोर एरर कमी करायच्या दिशेने लागतो, म्हणून दोन्हीकडे फीडबॅक निगेटिव्हच. हे मी आधीच सांगायला हवं होतं, मधेच सांगितल्यामुळे अर्धा तास गोंधळ झाला.

आधी कंट्रोल न लावता बल्ब नुसता चालू ठेवला. खोलीचं तापमान ३०, खोकं चढत चढत ६६ वर थांबलं. म्हणजे पूर्ण पॉवरला ३६ डिग्रीची वाढ. त्यातली ६३ टक्के वाढ, म्हणजे साधारण ५३ डिग्रीपर्यंत, व्हायला ८ मिनिटं लागली, हा टाइम कॉन्स्टंट. आणि बल्ब लावल्यापासून सेन्सरवर आकडा हलायलाच २० सेकंद गेले, हा डेड टाइम. हे तीन आकडे मी बोर्डाच्या कोपऱ्यात लिहिले आणि पुढचे तीन तास पुसू दिले नाहीत.

चुकून झालेलं पॉझिटिव्ह फीडबॅक

मग रिले जोडला, सेट पॉइंट ४५. ज्या गटाने वायरिंग केलं त्यांनी बल्बची वायर एनओऐवजी एनसीला लावली. म्हणजे कंट्रोलर "चालू" म्हणाला की बल्ब बंद, आणि उलट.

खोकं तेव्हा आधीच्या प्रयोगामुळे ४७ वर होतं. कंट्रोलर म्हणाला गरम आहे, बंद कर, आणि बल्ब लागला. ४८, ५०, ५५. पोरं आरडाओरडा करतायत, "मॅडम कोड चुकलाय." काका एमसीबीकडे निघाले. मी म्हटलं, थांबा, ६० ला बंद करू. ६० ला बंद केलं, झाकण उघडून ४० पर्यंत थंड होऊ दिलं आणि वायर तशीच ठेवून पुन्हा चालू केलं. आता बल्ब लागलाच नाही, तापमान ३० कडे खाली खाली गेलं.

हा या सगळ्या प्रकरणातला पहिला खरा निर्णय होता. वायर लगेच दुरुस्त करून पुढे जाता आलं असतं. मी नाही केली, आणि तेच बरं झालं. मी विचारलं, "हा लूप ४५ ला थांबू शकतो का?" मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "थांबेल मॅडम, बरोबर ४५ वर असेल तर. पण जरा वर गेला की वरच जाणार आणि खाली गेला की खालीच." पेन्सिल टोकावर उभी करण्यासारखं. अनस्टेबल म्हणजे काय हे त्याने माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. हलतं की नाही हा प्रश्नच नाही, जागेवरून जरा ढकललं तर लूप परत आणतो की आणखी लांब नेतो, एवढंच बघायचं. आणि चढत गेलेलं तापमानही ६६ च्या पुढे जाणार नव्हतं, कारण बल्ब ४० वॅटचाच आहे. खऱ्या वस्तूत अनंताकडे काही जात नाही, ती आपल्या टोकाला जाऊन आपटते.

वायर सरळ केली तरी हलतंच

एनओला लावल्यावर खोकं ४५ च्या आसपास वरखाली व्हायला लागलं. हिस्टेरिसिस अर्धा डिग्री वर, अर्धा खाली ठेवला होता, म्हणजे ४५.५ ला बंद, ४४.५ ला चालू. अपेक्षा एक डिग्रीच्या झोक्याची, प्रत्यक्षात झोका अडीच डिग्रीचा.

का ते वहीत काढलं. ४५ ला असताना बल्ब लावला तर चढण्याचा वेग (६६ − ४५) भागिले ८, म्हणजे मिनिटाला २.६ डिग्री. बंद असताना उतरण्याचा वेग (४५ − ३०) भागिले ८, म्हणजे १.९. आता रिले ४५.५ ला बंद झाला तरी सेन्सरला २० सेकंद जुनंच तापमान दिसतंय, तेवढ्यात ०.९ डिग्री आणखी चढलं. खाली तसंच ०.६. एक अधिक दीड, अडीच.

सगळे म्हणाले हिस्टेरिसिस शून्य करा म्हणजे थांबेल. केला. रिले आणखी भराभर टकटकत राहिला आणि दीड डिग्रीचा झोका राहिलाच. मग मी डिले वाढवायचं ठरवलं. आधी सेन्सरला टेप गुंडाळून पाहिलं, पण टेपने नुसता उशीर होत नाही, सेन्सर आळशी होतो, दोन गोष्टी मिसळतात. म्हणून कोडमध्येच सेकंदाला एक असे ४० रीडिंग साठवले आणि कंट्रोलरला ४० सेकंद जुनं रीडिंग दिलं.

```cpp
const int N = 40;
float buf[N];
int i = 0;

float delayed(float t) {
  float old = buf[i];
  buf[i] = t;
  i = (i + 1) % N;
  return old;
}
```

सुरुवातीला `buf` पहिल्या रीडिंगने भरून घ्यायला लागतो हे एका गटाने विसरलं. मधेच बोर्ड रीसेट झाला आणि कंट्रोलरला ४० सेकंद शून्य डिग्री दिसत राहिलं, बल्ब पेटलेला. स्क्रीनवर तापमान ० दिसलं की समजायचं.

एकूण डेड टाइम आता एक मिनिट. हिस्टेरिसिस शून्य असूनही झोका साडेचार डिग्री, एक फेरी साधारण ४ मिनिटांची. पण तो वाढत नव्हता. खोकं थंड असताना सुरू करा नाहीतर ६० ला नेऊन सोडा, दोन-तीन फेऱ्यांत त्याच झोक्यात येऊन बसायचं. याला लिमिट सायकल म्हणतात. घणसोलीच्या मुलाला मी तिथेच त्याचं उत्तर दिलं, दीड महिना उशिराने. तुझा एसी २४ या एका आकड्यावर बसत नाही हे खरं, पण झोका ठरलेला आहे, ढकललं तरी त्याच झोक्यात परत येतो. झोका स्टेबल आहे, बिंदू नाही. तो म्हणाला, "मग पेपरात काय लिहायचं?" रास्त प्रश्न. मी म्हटलं, हेच लिही.

कळव्याच्या मुलीचा प्रश्न

ऑन-ऑफमुळेच हलतंय असं अजून काहींना वाटत होतं. म्हणून सॉलिड स्टेट रिले लावून बल्बची पॉवर एररच्या प्रमाणात केली, दर दोन सेकंदांत किती वेळ चालू ते बदलून. एक डिग्री एररला १० टक्के पॉवर, हाच कंट्रोलरचा गेन, ठेवली तर खोकं शांतपणे ४१.७ वर बसलं. ४५ वर नाही, कारण एरर शून्य झाली तर पॉवरही शून्य. २० टक्के केली, ४३.२. मग सगळ्यांनाच मोह झाला, अजून वाढवा.

५० टक्क्याला परत झोके. तीन डिग्रीच्या आसपास, थांबायचं नाव नाही. कोडमधला डिले काढला, गेन तोच ५० टक्के, एक-दोन हेलकावे आणि शांत. डिले घातला, परत सुरू. हे मी तिला तीनदा करायला लावलं, म्हणजे खरं तर तीच करत राहिली.

तिला मी असं सांगितलं. गीझर बाल्कनीत असेल तर नळ फिरवल्यावर गरम पाणी यायला वेळ लागतो, तोवर आपण अजून फिरवतो, मग चटका बसतो, मग उलटा फिरवतो. आता आकडे बघ. झोका पावणेचार ते चार मिनिटांचा. त्यातलं एक मिनिट डेड टाइम, म्हणजे पाव फेरी. खोकं स्वतः तापायला वेळ घेतं त्याचा उशीर जवळपास अजून पाव फेरी. दोन्ही मिळून अर्धी फेरी. अर्ध्या फेरीचा उशीर म्हणजे चिन्ह उलटं. तू वजा म्हणून पाठवलेलं अधिक होऊन पोचतं, परवा एनसीला वायर लावून जे झालं तेच, फक्त या एका वेगापुरतं. त्या वेगाला लूपचा गेन एकपेक्षा जास्त असेल तर झोका वाढतो, कमी असेल तर विरतो.

ती बराच वेळ ग्राफकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे नुसतं फर्स्ट ऑर्डर फक्त पाव फेरीच उशीर करू शकतं. म्हणून एकटं कधी हलत नाही." बरोबर.

मग रूथ. डेड टाइमचं पद पॉलिनॉमियल नसतं, रूथ टेबल त्यावर थेट चालत नाही. म्हणून त्याच्या जागी जवळपास तसाच वागणारा पॉलिनॉमियलचा अपूर्णांक, म्हणजे पाडे अप्रॉक्सिमेशन, लावलं आणि वेळ मिनिटांत घेऊन समीकरण आलं:

`4s² + (8.5 − 0.5K)s + (1 + K) = 0`

इथे `K` म्हणजे पूर्ण लूपचा गेन, ३६ गुणिले कंट्रोलरचा गेन. टेबल सांगतं `K` १७ पर्यंत चालेल, म्हणजे डिग्रीला ४७ टक्के. आम्ही ४२ टक्के लावले. टेबलाप्रमाणे शांत व्हायला हवं होतं, खोकं मात्र हलत राहिलं. पाडे न लावता फेज, म्हणजे फेरीचा किती भाग उशीर होतो तो, सरळ मोजला की मर्यादा १३.२ येते, म्हणजे ३७ टक्क्यांच्या जरा खाली. पहिल्या ऑर्डरचं पाडे त्या वेगाला खऱ्यापेक्षा कमी उशीर दाखवतं, म्हणून ते जास्त आशावादी. नायक्विस्टने १९३२ मध्ये जी पद्धत दिली तिच्यात फ्रीक्वेन्सी घेऊन फेज मोजायचा असतो, त्यामुळे डेड टाइम असला तरी अडत नाही. ही पद्धत का शिकायची असा प्रश्न या वर्षी कोणी विचारला नाही.

काय निष्पन्न झालं

तोच प्रश्न सेमिस्टरच्या शेवटी परत विचारला. बरीच पोरं आता उशीर आणि चिन्ह दोन्हीबद्दल लिहितात. पण काहींनी नवीन चूक पकडली, डिले म्हणजे अनस्टेबलच. गेन कमी असला तर डिले असूनही लूप शांत राहतो, हे १० टक्क्यांच्या ग्राफवर समोर दिसत होतं, पण शांत ग्राफकडे कोणी बघत नाही.

पुन्हा करायचं तर

एसीवर दोन तास घालवणार नाही, १६ आणि २४ चा ग्राफ तयार ठेवून दहा मिनिटांत दाखवेन. एनसीची चूक पहिल्याच दिवशी मुद्दाम करून ठेवेन, निगेटिव्ह हा शब्द उच्चारायच्या आधी. आणि १० टक्क्याला डिले तिप्पट करूनही काही होत नाही, हे प्रत्येक गटाला स्वतः करायला लावेन, तेवढं राहिलंच. त्या पहिल्या तासाला "सिलॅबसमध्ये नाही" म्हणाले ते मात्र आता बदलता येत नाही.

ठाण्याच्या एका मुलाचे वडील रबाळे एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनवर आहेत. तो सुट्टीत तिकडे गेला आणि मला व्हिडिओ पाठवला, टेम्परेचर कंट्रोलरवर ऑटोट्यून दाबलंय आणि बॅरलचं तापमान सेट पॉइंटच्या वरखाली दोन-तीन झोके घेतंय. खाली त्याने लिहिलं होतं, "मॅडम, हा आधी मुद्दाम आपल्या खोक्यासारखा ऑन-ऑफ करून हलवतो, झोका किती आणि फेरी किती मिनिटांची ते मोजतो, आणि त्यावरून गेन ठरवतो. पप्पांना वाटायचं मशीन बिघडली म्हणून ते दरवेळी मधेच बंद करायचे."